ईआरपीमधून कस्टमरवाईज प्रॉफिट रिपोर्ट काढला तर आमचे सगळेच कस्टमर फायद्यात दिसतात, पण वर्षअखेरीस हातात काहीच उरत नाही. डिस्काउंट, फ्रेट, रिटर्न कसं धरायचं?

ह्याच प्रश्नावर माझं आणि आमच्या सेल्स हेडचं दोन वर्षं वाजलं होतं, त्यामुळे थोडं लांबणार आहे. डिचोलीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये काजू आणि केळ्याचे वेफर्स पॅक करणाऱ्या कंपनीत मी अकाउंट्स बघायचे. ईआरपी घातलं तेव्हा कन्सल्टंटने रिपोर्ट करून दिला, विक्री वजा स्टॉकची कॉस्ट, की झाला मार्जिन. काणकोणच्या बाजूचं एक मोठं सुपरमार्केट त्यात वर झळकायचं आणि पणजीचा एक घाऊक दुकानदार अगदी तळाशी. सेल्स हेड मीटिंगमध्ये म्हणायचा, हा पणजीवाला सोडून टाकूया, घासाघीस करतो आणि मिळतात सोळा टक्के.

मी एकदा बसून हाताने काढलं. काणकोणवाल्याची वर्षाची बिलं जीएसटी सोडून ३६ लाख, बिलातला दहा टक्के डिस्काउंट आधीच कापलेला. त्याने माल परत केला तो १ लाख ८० हजारांचा, म्हणजे नेट विक्री ३४ लाख २० हजार. रिपोर्टमध्ये मार्जिन ८ लाख ५५ हजार, बरोबर पंचवीस टक्के. शेट खूश.

आता बघा त्या रिपोर्टला काय काय दिसतच नव्हतं. त्याला वर्षाच्या टर्नओव्हरवर चार टक्के स्कीम होती, ती एप्रिलमध्ये एका जर्नल एंट्रीने 'स्कीम खर्च' लेजरला जायची, कस्टमरच्या नावाशिवाय. ते १ लाख ३६ हजार ८००. शेल्फचं भाडं ६० हजार, ते जाहिरात खर्चात. टेम्पो आठवड्यातून दोनदा, वर्षात ९६ फेऱ्या, फेरीला २,८०० म्हणजे २ लाख ६८ हजार ८००, हे सगळं एकाच 'वाहतूक' लेजरमध्ये. आणि सगळ्यात बेकार प्रकार रिटर्नचा. क्रेडिट नोट काढली की सिस्टीम माल मूळ कॉस्टने परत स्टॉकमध्ये घेते, म्हणजे विक्री १ लाख ८० हजारांनी कमी आणि कॉस्ट १ लाख ३५ हजारांनी कमी, मार्जिनला फटका फक्त ४५ हजारांचा. पण परत आलेले वेफर्स डेट संपलेले असायचे, ते डुकरांना जायचे! तो १ लाख ३५ हजारांचा माल तीन महिन्यांनी स्टॉक ॲडजस्टमेंटमधून निघायचा आणि तेव्हा तो कोणाचा होता ते कोणालाच आठवायचं नाही.

हे सगळं वजा केलं की उरतात २ लाख ५४ हजार ४००. साडेसात टक्केसुद्धा नाही.

पणजीवाला? १८ लाखांचा माल, सोळा टक्के म्हणजे २ लाख ८८ हजार, त्यातून एक टक्का स्कीमचे १८ हजार गेले, राहिले २ लाख ७० हजार. स्वतःची गाडी घेऊन फॅक्टरीत यायचा, रिटर्न शून्य. निम्मा धंदा देऊन त्या मोठ्यापेक्षा जास्त पैसे ठेवून जायचा, आणि आम्ही त्याला सोडायला निघालो होतो.

मी हे दाखवल्यावर सेल्स हेड म्हणाला, ठीक आहे मॅडम, वाहतूक घालूया, पण सगळ्यांवर विक्रीच्या प्रमाणात वाटू, एकूण वाहतूक विक्रीच्या तीन टक्के आहे, प्रत्येकाला तीन टक्के लावा. इथेच माझं डोकं फिरलं. म्हणजे ज्याच्यासाठी एक रुपया टेम्पोचा खर्च नाही त्या पणजीवाल्याच्या माथ्यावर ५४ हजार आणि ज्याने पावणेतीन लाख खाल्ले त्याला फक्त १ लाख २ हजार ६००. असं वाटप करण्यापेक्षा वाटप न केलेलं बरं, निदान चुकीच्या आकड्यावर कोणी विश्वास तरी ठेवणार नाही. SAP ईआरपीवाले KE28 ह्या कमांडने टॉप-डाऊन, म्हणजे एकूण खर्च वरून खाली, रेव्हेन्यूच्या प्रमाणात वाटतात तेही हेच, फक्त महाग सॉफ्टवेअरमध्ये.

प्रॉडक्टवाईज तर आणखी फसतं. काणकोणच्या एका फेरीत वेफर्सचे ४० बॉक्स, ४५० रुपयांचे, आणि काजूचे ५, ३,९०० रुपयांचे. विक्रीच्या प्रमाणात २,८०० वाटले तर काजूला १,४५६ लागतात आणि वेफर्सच्या बॉक्सला साधारण ३४ रुपये. पण टेम्पो भरतो कोणामुळे? काजूचा बॉक्स वेफर्सच्या निम्मा, म्हणजे जागेच्या हिशोबाने काजूला फक्त १६५ आणि वेफर्सच्या प्रत्येक बॉक्सला ६६ रुपये. वेफर्सवर मार्जिन वीस टक्के धरला तर बॉक्समागे ९० मिळतात, त्यातले ६६ टेम्पोवाल्याचे, रिटर्न अजून धरलेच नाहीत. वेफर्स हवेने भरलेले असतात, आपण काणकोणपर्यंत हवा वाहून नेतोय हे शेटना तेव्हा कुठे पटलं.

मग करायचं काय, तर टेम्पोचं बिल टाकताना त्यात डिलिव्हरी नोटचा नंबर टाका, म्हणजे खर्च फेरीला आणि फेरीवरून कस्टमरला लागतो, एका फेरीत तीन कस्टमर असले तर बॉक्सच्या जागेवर वाटा. स्कीमचा चार टक्के दर महिन्याला बिलावरच प्रोव्हिजन करा, एप्रिलची वाट बघू नका, नाहीतर चालू वर्ष नेहमीच छान दिसतं. रिटर्नचा माल वेगळ्या गोदामात घ्या आणि तिथून जेव्हा फेकाल ती एंट्री मूळ क्रेडिट नोटच्या नंबरसकट करा, कारणही लिहा, डेट संपली की पॅकेट फुटलं. आमच्याकडे कारण लिहायला लागल्यावर कळलं की बहुतेक रिटर्न गणेश चवथीनंतरचे होते, म्हणजे सेल्सवाले टार्गेटसाठी आधी माल कोंबत होते. हे मी मीटिंगमध्ये बोलले आणि पुढचे तीन महिने माझ्याशी कोणी चहाला बसलं नाही.

रिपोर्ट बरोबर आहे का ते ओळखायची एकच चाचणी मी करते. रिपोर्टमधल्या सगळ्या कस्टमरच्या वाहतुकीची बेरीज करा आणि लेजरशी लावून बघा, तसंच स्कीमचं आणि फेकलेल्या मालाचं. जुळली नाही तर फरक 'वाटप न झालेला' म्हणून वेगळ्या ओळीत उघडा दाखवा, कोणाच्या तरी गळ्यात घालू नका.

एक गोष्ट मात्र सेल्स हेडची बरोबर होती, सांगायलाच हवी, की कस्टमर सोडला म्हणून त्याच्या नावावर लावलेला सगळा खर्च वाचत नाही. आमचा टेम्पो भाड्याचा होता म्हणून फेरी कमी केली की पैसे वाचत होते. तुमची गाडी स्वतःची असेल, ड्रायव्हर पगारी, तर कस्टमर सोडला तरी पगार आणि हप्ता राहतोच, वाचतं फक्त डिझेल आणि गाडीची झीज थोडीफार. त्यामुळे रिपोर्टमध्ये भाडं आणि स्वतःच्या गाडीचा खर्च वेगळा ठेवा, नाहीतर कमी मार्जिनवाला कस्टमर सोडाल आणि वर्षअखेरीस नफा आणखी खाली. आम्हीही काणकोणवाल्याला सोडलं नाही. आठवड्याला एकच फेरी केली, ४८ फेऱ्यांचे १ लाख ३४ हजार ४०० वाचले, तो आठ दिवस कुरकुरला आणि मग मोठी ऑर्डर द्यायला लागला. रिटर्नवर दोन टक्क्यांची मर्यादा घालायचं मात्र सेल्स हेडने शेवटपर्यंत केलं नाही.

मी ती कंपनी सोडली, पण तिथली एक मुलगी अजून फोन करते. परवा सांगत होती, चवथीच्या स्कीमचं सर्क्युलर आलंय, आणि टक्केवारीच्या जागी लिहिलंय 'मागाहून कळवू'. आता तिने प्रोव्हिजन कसली करायची?