७ नाणी, एका वेळी ४: 'होणार नाही' हेच पूर्ण उत्तर

प्रश्न: ७ नाणी काटा वर ठेवून मांडली आहेत. प्रत्येक चालीत नेमकी ४ नाणी उलटायची. सगळी छापा व्हायला कमीत कमी किती चाली लागतील? पुतण्याच्या सराव प्रश्नपत्रिकेत आले आहे, तासभर करून पाहिले, जमत नाही.

तासभर काय, वर्षभर उलटत बसलात तरी जमणार नाही, आणि यात तुमच्या पुतण्याचा काहीही दोष नाही. चालींकडे पाहू नका, प्रत्येक चालीनंतर छापा किती आहेत तेवढेच मोजा. उचललेल्या ४ नाण्यांपैकी एक छापा असेल तर एक कमी होतो आणि तीन वाढतात, म्हणजे दोनने वाढ. दोन छापा असतील तर संख्या जशीच्या तशी राहते. तीन असतील तर दोनने घट. चारही एकाच बाजूचे असतील तर चारचा फरक पडतो. कोणतीही ४ उचला, छापांची संख्या सम आकड्यानेच बदलते. सुरुवात शून्यापासून आहे, म्हणून ती कायम समच राहणार, आणि तुम्हाला हवे आहेत ७. विषम आकड्यावर पोहोचायला वाटच नाही.

हा प्रश्न वाचून मला राहवले नाही, कारण नेमक्या याच गणितावरून आमच्या केंद्रात झालेला वाद माझ्या मनातून आजही गेलेला नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर गणित शिकवत असे. शिष्यवृत्तीच्या तयारीसाठी तालुक्याला एक सराव परीक्षा झाली आणि तिच्यात हेच ७ आणि ४ चे गणित होते. आमच्या वर्गातील एका मुलीने उत्तर लिहिले, 'होणार नाही, कारण छापा नेहमी सम राहतात.' उत्तरसूचीत ३ हा आकडा छापलेला होता, म्हणून तिला शून्य गुण मिळाले. ७ नाण्यांसाठी ३ चाली हे उत्तर एका वेळी ५ किंवा ३ नाणी उलटायची असतील तर बरोबर येते, तेव्हा प्रश्न छापताना आकडा बदलला असावा, असे मला वाटते. छपाईची चूक मी समजू शकतो. पेपर तपासणाऱ्याने त्या मुलीचे कारण वाचलेसुद्धा नाही, हे मात्र मला सहन झाले नाही.

केंद्रातल्या शिक्षकांच्या पुढच्या शिक्षण परिषदेत मी हा विषय काढला, तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "अहो सर, पोरांना 'होत नाही' लिहायची सवय लावू नका. प्रयत्न केला की होते." परिषद आमच्याच शाळेत होती, त्यामुळे त्या मुलीला वर्गातून बोलावता आले. आमच्याकडे नाण्यांऐवजी फोडलेले चिंचोके असत, आतली बाजू पांढरी, वरची तपकिरी. सातही चिंचोके तपकिरी बाजू वर ठेवून टेबलावर मांडले. त्या सहकाऱ्यांनी पहिल्या चालीत चार पांढरे केले. दुसरीत एक परत तपकिरी आणि तीन पांढरे, म्हणजे सहा. उरलेल्या एकासाठी तिसऱ्या चालीत तो एक आणि तीन पांढरे उलटवले, म्हणजे पुन्हा चार. चौथ्या चालीत त्यांचा हात भरभर फिरला आणि सातही चिंचोके पांढरे दिसू लागले. "झाले की नाही?" असे त्यांनी विचारले. मुलगी जागेवरूनच म्हणाली, "सर, यावेळी तीनच पलटले ना जी, चौथा उचलून तसाच ठेवला." चालीच्या आधी चार पांढरे होते, नंतर सात झाले, फरक तीनचा. तिने त्यांच्या बोटांकडे पाहिलेही नव्हते, फक्त मोजले होते. तुम्हालाही कोणी असे करून दाखवले तर हेच करा. ज्या चालीनंतर छापांची संख्या पहिल्यांदा विषम होईल, नियम त्याच चालीत मोडलेला असतो. एक नाणे कमी उलटले असेल किंवा एक जास्त.

गुण काही वाढले नाहीत. त्या सहकाऱ्यांचे म्हणणे तेच राहिले आणि माझेही तेच आहे. सातावर न पोहोचणाऱ्या हजार चाली लिहून दिल्या तरी काही सिद्ध होत नाही, कारण हजार एकावी चाल शिल्लकच राहते. सम-विषमाचे एक वाक्य मात्र सगळ्या चालींचा निकाल एकदम लावते. ज्याला हे वाक्य सुचले त्याने प्रयत्न केला नाही, असे म्हणणे हा त्या मुलावर अन्याय आहे.

एक मात्र ध्यानात ठेवा. संख्या सम जुळली एवढ्यावरून काम होईलच असे ठरत नाही, ते वेगळे दाखवावे लागते, आणि ते दाखवता येते. समजा ७ पैकी पहिले आणि दुसरे नाणे काटा आहे, बाकीचे पाच छापा. आधी १, ३, ४, ५ उलटा, मग २, ३, ४, ५ उलटा. ३, ४, ५ दोनदा उलटून होती तशी झाली, आणि १ व २ तेवढी बदलली. म्हणजे दोन चालींत कोणतीही दोन नाणी बदलता येतात, आणि काटा सम असतील तर जोडी-जोडीने सगळे संपवता येतात. त्यासाठी हातात घ्यायच्या नाण्यांहून एकूण नाणी निदान एकाने जास्त हवीत, कारण सगळीच एकदम उलटायची असतील तर चित्र फक्त उलटसुलट होत राहते. एका वेळी उलटायची संख्या विषम असेल आणि एकूण नाण्यांपेक्षा कमी असेल, तर अडचणच नाही, कारण एका चालीत सम-विषम बदलून घेता येते.

तुमच्या प्रश्नपत्रिकेत 'सगळी छापा' असे म्हटले आहे. 'सगळी एकसारखी' असे असते आणि सुरुवात मिश्र असती, तर उत्तर वेगळे आले असते. ७ मध्ये ४ छापा आणि ३ काटा असतील तर सगळी छापा कधीच होणार नाहीत, पण ते चार छापा उलटले की एका चालीत सगळी काटा होतात. एकूण नाणी विषम असली की छापा आणि काटा यांपैकी एक संख्या सम असतेच, म्हणून एक बाजू नेहमी जुळते. ८ नाणी घेतली आणि ५ छापा, ३ काटा असतील, तर ४-४ उलटून कोणतीच बाजू जुळणार नाही.

कमीत कमी चालींचा प्रश्न, जिथे होते तिथे, असा सोडवतात. सगळी काटा असताना प्रत्येक नाणे विषम वेळा उलटले गेले पाहिजे. ७ नाणी आणि एका वेळी ५ असतील तर १ चालीत ५ उलटणी होतात, ती अपुरी. २ चालींत १० होतात, पण सात विषम संख्यांची बेरीज सम येत नाही. ३ चालींत १५ होतात, आणि चार नाणी तीनदा व तीन नाणी एकदा उलटली की १५ भरतात. चाली अशा: १, २, ३, ४ यांच्यासोबत पहिल्यांदा ५, दुसऱ्यांदा ६, तिसऱ्यांदा ७. कोणत्याही आकड्यांसाठी याच पद्धतीने चाली एकेक वाढवत तपासा.

पुतण्याला पहिल्या परिच्छेदातले कारण त्याच्या शब्दांत लिहू द्या. शिक्षकांनी उत्तरसूचीतला आकडा पुढे केला, तर नाण्यांना १ ते ७ क्रमांक देऊन प्रत्येक चालीत कोणती चार उलटली ते कागदावर लिहून देण्याची विनंती करा, आणि प्रत्येक ओळीपुढे छापांची संख्या मांडून ती त्यांच्यासमोरच तपासा.