स्पेनचा पेसेटा आणि आपला रुपया

पुणे, रविवार

चि. ...

अनेक आशीर्वाद. तुझा निबंध वाचला. ‘सामाईक चलनाचा तोटा म्हणजे स्वायत्तता जाते’ हे तू एका ओळीत उरकलंस. पण खरी गोष्ट त्या ओळीतच आहे. पेसेटा हे स्वतःचं चलन सोडून युरो घेतलेल्या स्पेनकडे बघ.

जून २००३ ते डिसेंबर २००५ युरोपीय मध्यवर्ती बँकेचा मुख्य व्याजदर २ टक्के होता. तेव्हा जर्मनी मरगळलेला होता, त्याला हा दर मानवला. स्पेनमध्ये मात्र महागाई ३ टक्क्यांच्या वर. म्हणजे महागाई वजा केली की कर्ज काढणाऱ्याला वास्तव व्याजदर उणे एक टक्का! अशा वेळी कर्ज काढून फ्लॅट न घेणाराच वेडा ठरतो. स्वतःची बँक असती तर तिने दर चढवला असता. इथे तो अधिकारच नव्हता. आणि हा सरकारी उधळपट्टीचा मामला नव्हता, हे विसरू नकोस. २००७ मध्ये स्पेनचं सरकार शिलकीत होतं.

मग घरांच्या किमतींचा फुगा फुटला. युरोच्या आधी, १९९२-९३ मध्ये, स्पेनने पेसेटाचं तीनदा अवमूल्यन केलं होतं. समज, चलन वीस टक्क्यांनी उतरलं, तर शंभराची संत्री जर्मन गिऱ्हाइकाला ऐंशीला पडतात आणि एकाही मजुराच्या पगाराचा आकडा बदलावा लागत नाही. युरोत हाच परिणाम साधायचा तर पगारच कापावे लागतात. पगार सहजासहजी उतरत नाहीत, आधी माणसं घरी बसतात. २०१३ मध्ये तिथली बेकारी २६ टक्क्यांच्या आसपास गेली. शिवाय पगार घटला तरी घराचं कर्ज तितक्याच युरोंचं राहतं. हा मुद्दा तुझ्या निबंधात मुळीच नाही.

अवमूल्यन फुकटात होत नाही, हेही लिही. तेल महागतं आणि परकीय चलनातलं कर्ज फुगतं.

आता तू विचारशील, रिझर्व्ह बँकेचा रेपो दर पुण्याला आणि लातूरला एकच, मग आपलं कसं चालतं? अर्थशास्त्रज्ञ मंडेलने १९६१ मध्ये यावर पहिलं उत्तर दिलं: माणसं हलतात. दुष्काळ पडला की मराठवाड्यातला पोरगा चाकणला येतो, खोलीत चौघं राहतात, पण भाषा तीच. सेव्हिलच्या गवंड्याला म्युनिकला जायचं तर आधी जर्मन शिकावं लागतं. दुसरं उत्तर पुढच्यांनी जोडलं: पैसा हलतो. इथला कर दिल्लीला जातो आणि वित्त आयोगाच्या सूत्राने गरीब राज्यांत उतरतो. युरोपीय संघाचं अंदाजपत्रक तिथल्या उत्पन्नाच्या जेमतेम एक टक्का. (आपलंही सगळं सुरळीत आहे असं नाही. चाकणच्या त्या खोलीत एकदा जाऊन ये.)

निबंध पुन्हा लिहिताना २००३ ते २००५ ची स्पेन आणि जर्मनीची महागाई शेजारी-शेजारी मांड आणि दोन्हींसाठी तेच २ टक्के घेऊन त्यातून महागाई वजा कर आणि वास्तव दर काढ. मंगळवारी संध्याकाळी ये, चहा घेऊ.

तुझा,
सर