हरवलेल्या फोनमधले घरचे फोटो नातेवाइकांकडून परत मागताना

प्रश्न: प्रवासात फोन हरवला. त्यात ताईच्या लग्नाचे आणि आजोबांचे शेवटच्या काही वर्षांतले फोटो होते, बॅकअप नव्हता. नातेवाइकांना फोटो पुन्हा पाठवायला सांगणारा मेसेज कसा लिहावा?

उत्तर: फॅमिली ग्रुपवर सगळ्यांना उद्देशून एकच मेसेज टाकू नका. "माझा फोन हरवला, सगळ्यांनी फोटो पाठवा" असं लिहिलं की प्रत्येकाला वाटतं, दुसरा कोणीतरी पाठवेल. जे येतात ते बहुतेक तेच चारपाच फोटो, आणि तेही ग्रुपवरून फिरून आलेले. आधी कागदावर लिहा: कोणत्या प्रसंगाचे फोटो, आणि ते काढले कोणी. मग एकेकाला वेगळा मेसेज करा.

मेसेज तुमच्या जुन्याच नंबरावरून जायला हवा, म्हणून आधी डुप्लिकेट सिम घ्या. "फोन हरवला, हा माझा नवा नंबर" असं सांगून पैसे मागणारे फसवे मेसेज इतके येतात की सावध नातेवाईक उत्तरच देणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. नंबर बदलला असेलच तर आधी फोन करून आवाज ऐकवा, मग लिहा.

ज्याने फोटो काढले त्याच्याकडे मूळ फोटो असतो, बाकीच्यांकडे व्हॉट्सॲपने लहान केलेली प्रत. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. फोनवर तो छान दिसतो, पण मोठी प्रिंट काढली की आजोबांचा चेहरा धूसर होतो. शिवाय फोटो कधी काढला ही आत साठवलेली तारीखही निघून जाते. म्हणून लग्नात फोटो काढणाऱ्या भावाला असं लिहा:

"दादा, माझा फोन हरवला आणि ताईच्या लग्नाचा एकही फोटो माझ्याकडे उरला नाही. हळदीचे आणि सप्तपदीचे तू काढले होतेस, ते मूळ आकारात हवेत. व्हॉट्सॲपवर पाठवताना गॅलरी नको, पिनच्या चिन्हावर जाऊन डॉक्युमेंट निवड आणि त्यातून फोटो घे. खूप असतील तर गुगल फोटोजमध्ये अल्बम करून मला लिंक दे. या रविवारपर्यंत जमेल का?"

आत्याला ही भाषा चालणार नाही. तिने फोटो काढलेले नाहीत, तिच्याकडे ग्रुपवर आलेले आहेत. तिला सोपं काम द्या:

"आत्या, माझा फोन हरवला, त्यात आजोबांचे फोटो गेले. २०२१ च्या गणपतीत आजोबा आरती करतायत, तो फोटो आपल्या ग्रुपवर आला होता. ग्रुप उघडून वरच्या नावावर बोट लाव, खाली जुने फोटो एकत्र दिसतील. सापडला की दाबून धर आणि मला फॉरवर्ड कर. घाई नाही, जमलं नाही तर मी फोन करून सांगते."

वर्ष, सण आणि फोटोत काय आहे एवढं लिहिलं की शोधणं सोपं होतं. "आजोबांचे असतील ते सगळे" असं म्हटलं तर हजारो फोटो चाळायला कोण बसणार?

आत्याच्या फोनवर कधी धूसर चित्र आणि त्यावर डाउनलोडचा बाण दिसेल. दाबूनही फोटो येत नसेल तर तिच्याकडची प्रत गेलेली आहे. जागा करायला कोणीतरी मीडिया साफ केलेला असतो. तिला वारंवार प्रयत्न करायला लावू नका. फोटो मुळात ग्रुपवर कोणी टाकला ते नाव विचारा आणि त्यांना लिहा.

फोटो आले की लगेच तपासा. फोटोचे तपशील उघडून आकार बघा: मूळ फोटो बहुधा दोन ते पाच एमबीचा असतो, व्हॉट्सॲपवरून लहान झालेला काहीशे केबीचा. अँड्रॉइडवर `IMG-20210912-WA0007.jpg` अशा नावातला आकडा फोटो त्या फोनमध्ये आल्याचा दिवस सांगतो, काढल्याचा नाही. म्हणजे आत्याने आज फॉरवर्ड केलेला २०२१ चा फोटो तुमच्याकडे आजच्या तारखेखाली जाऊन बसेल. त्यामुळे प्रसंगाप्रमाणे फोल्डर करून तिथेच नाव आणि वर्ष लिहा, आठवडाभराने ते शोधणं कठीण जातं. ज्या चॅटवर मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू आहे, तिथून आलेले फोटो त्याच दिवशी सेव्ह करा.

लग्नाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओलाही एक फोन करा. काही स्टुडिओ जुन्या लग्नांचा डेटा हार्डडिस्कवर ठेवतात. लग्नाची तारीख आणि कार्यालयाचं नाव सांगितलंत तर त्यांना शोधता येतं, आणि तिथून मिळणारी प्रत कोणत्याही नातेवाइकाच्या फोनमधल्यापेक्षा चांगली असेल.