ऑफर हातात नाही आणि साहेबांचा नंबर मागतायत

प्रश्न : तीन मुलाखती झाल्या, पगारही तोंडी ठरला. ऑफर लेटर 'दोन दिवसांत' येईल असं कन्सल्टन्सीतल्या बाई म्हणतायत. पण त्याआधी त्यांना रेफरन्ससाठी माझ्या सध्याच्या मॅनेजरचं नाव, मोबाइल आणि ईमेल हवाय. मी नोकरी शोधतेय हे ऑफिसात कुणालाच माहीत नाही. नंबर द्यावाच लागतो का? नाही म्हटलं तर ऑफर जाईल का?

उत्तर : द्यावाच लागत नाही. पण तुम्ही नाही म्हणालात म्हणून ते थांबले, तर तक्रारीला फारशी जागा उरत नाही, कारण आत्ता तुमच्या हातात करार नाही, फक्त बोलणी आहेत. त्यामुळे साफ नकार देऊ नका. रेफरन्स मिळेल, पण केव्हा आणि कोणाचा, हे तुम्ही ठरवून सांगा.

आधी एक गोष्ट बघा. नंबर कंपनीला हवाय की कन्सल्टन्सीला? बाईंना सरळ विचारा : 'कंपनीच्या एचआरनं हे मागितलंय का? फोन कोण करणार, केव्हा, आणि काय विचारणार?' काही कन्सल्टन्सी रेफरन्सच्या नावाखाली मॅनेजरांचे नंबर गोळा करतात, कारण तुमची जागा रिकामी झाली की तुमचे साहेब हे त्यांचं पुढचं गिऱ्हाईक. सगळ्याच असं करतात असं नाही, पण तिसऱ्या मुलाखतीनंतर लगेच नंबर मागितला गेला की मला शंका येते. शिवाय तो नंबर साहेबांचा आहे. त्यांना न विचारता त्यांचा खासगी मोबाइल तिऱ्हाइताला देणं तुमच्याही अंगाशी येऊ शकतं.

मग बाईंना ईमेलवर लिहा, फोनवर नको :

'रेफरन्स द्यायला माझी हरकत नाही. माझ्या आधीच्या कंपनीतल्या मॅनेजरांशी आणि दोन वर्षांपूर्वी इथून गेलेल्या माझ्या टीम लीडशी आजही बोलता येईल. सध्याच्या नोकरीची खात्री करण्यासाठी नेमणूकपत्र, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिप आणि मागच्या अप्रेझलचं पत्र पाठवते. सध्याच्या मॅनेजरांशी मात्र मी लेखी ऑफर स्वीकारून त्यांना स्वतः सांगितल्यावरच संपर्क करावा. तोपर्यंत सध्याच्या कंपनीत कोणाशीही संपर्क करायला माझी संमती नाही.'

यातलं शेवटचं वाक्य गाळू नका. उद्या त्यांनी तरीही फोन केला, तर 'तुम्ही कुठे नाही म्हणाला होतात?' या प्रश्नाला उत्तर तेवढंच असेल. नुकसानभरपाई मिळेल असं मी सांगत नाही. एका फोनमुळे नेमकं काय नुकसान झालं हे सिद्ध करणं अवघड जातं, आणि साहेबांच्या कानावर गेलेली गोष्ट कोणतंही कोर्ट परत आणू शकत नाही.

ईमेलनंतर पडताळणीचा फॉर्म येईल. बहुतेक जण तो न वाचता सही करतात. त्यात 'आजी-माजी सर्व मालकांशी संपर्क करण्यास संमती' अशी ओळ असते, आणि तिच्यावर सही केलीत की वरचा ईमेल वाया गेला. 'आजी' शब्द खोडा, शेजारी सही करा, फोटो काढून ठेवा. फॉर्म ऑनलाइन असेल आणि तिथे 'आत्ता संपर्क नको' हा पर्याय नसेल, तर शेऱ्याच्या रकान्यात तेच लिहा. आणि हो, मैत्रिणीचा नंबर मॅनेजर म्हणून देऊ नका. खोटी माहिती दिल्याचं कळलं, तर नोकरी लागल्यावरही काढण्याचं कारण त्यांना मिळतं.

आता खरा खड्डा. समजा त्यांनी ऐकलं आणि ऑफर लेटर आलं. त्यात बहुधा लिहिलेलं असेल : 'ही ऑफर समाधानकारक रेफरन्सच्या अधीन आहे.' म्हणजे ऑफर सशर्त आहे. 'समाधानकारक' कोण ठरवणार? तेच. तुम्ही 1 तारखेला राजीनामा दिलात, 10 तारखेला साहेबांना फोन गेला, ते चिडलेले असताना काहीबाही बोलले, तर ऑफर मागे घेता येते आणि जुनी नोकरीही गेलेली असते.

म्हणून राजीनाम्याआधी दोन गोष्टी लेखी मागा. एक, बाकीची सगळी पडताळणी पूर्ण झाल्याची नोंद. दुसरी, सध्याच्या कंपनीकडून फक्त पद आणि नोकरीच्या तारखांचीच खात्री एचआरकडून केली जाईल, मॅनेजरचं मत विचारलं जाणार नाही. पद आणि तारखा कागदोपत्री असतात, त्या रागावर बदलत नाहीत. एचआर ही दुसरी गोष्ट बरेचदा मान्य करतं, कारण अनेक कंपन्या स्वतःही रेफरन्समध्ये तेवढंच सांगतात.

मत हवंच असा त्यांचा हट्ट असेल, तर राजीनाम्याच्या आधी स्वतः साहेबांना सांगा, मग फोन होऊ द्या, आणि 'रेफरन्सची अट पूर्ण' असा ईमेल आल्यावरच राजीनामा द्या. यात बोलणी फिसकटली तर साहेबांना तुमचा बेत कळलेला असेल, पण निदान नोकरी हातात असेल. साहेब हे ऐकून कसे वागतील, याचा अंदाज मात्र माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त.