चित्र दिलंय, संज्ञाही पाठ आहेत, तरी रसग्रहणात गुण का जातात?

प्रश्न: "चित्र देऊन 'शिकलेल्या संज्ञा वापरून वर्णन व मूल्यमापन करा' असं विचारतात. मी रेषा, पोत, लय, तोल सगळं लिहितो, तरी दहात चारच मिळतात. नेमकं काय लिहायचं?"

उत्तर:

संज्ञा लिहिली की तीन गोष्टी सांगायच्या: ती चित्रात कुठे दिसते, कशी दिसते आणि त्यामुळे पाहणाऱ्यावर काय परिणाम होतो. "चित्रात लय सुंदर आहे" हे वाक्य कोणत्याही चित्राला चिकटतं, म्हणून त्याला गुण मिळत नाहीत.

आपल्याकडच्या अजिंठ्याच्या लेणी क्रमांक १ मधलं बोधिसत्त्व पद्मपाणीचं चित्र घ्या. आधी फक्त दिसतं ते लिहा: उंच मुकुट, उजव्या हातात निळं कमळ, खाली झुकलेली नजर, आजूबाजूच्या आकृती त्याच्यापेक्षा लहान. "शांत", "दिव्य" हे शब्द इथे नकोत, ते मूल्यमापनात येतील.

मग संज्ञा. पाचसहा नुसत्या मोजण्यापेक्षा तीन नीट उलगडा. लयीबद्दल असं लिहिता येईल: "मान एका बाजूला कलते, कंबर दुसऱ्या बाजूला वळते. या त्रिभंगामुळे बाह्यरेषा नागमोडी होते आणि नजर मुकुटापासून खाली न अडखळता उतरते." प्रमाणाबद्दल: "मुख्य आकृती मोठी आणि भोवतालच्या लहान असल्यामुळे गर्दीतही लक्ष तिच्यावरच राहतं." छायाभेदासाठी नाकाच्या उंचवट्यावरचा उजळ रंग दाखवा, त्याने चेहऱ्याला गोलाई येते.

पोत लिहिताना मात्र बहुतेकांचा घोटाळा होतो. गिलाव्याच्या खपल्या निघून भिंत खडबडीत दिसते, ती काळाची झीज आहे, चित्रकाराने योजलेला पोत नव्हे. रंगाचंही तसंच. १९२० च्या सुमारास, निजामाच्या काळात, इटालियन जतनकारांनी अजिंठ्याच्या चित्रांवर चढवलेला शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या रोगणाचा थर पुढे पिवळा पडला. म्हणून फोटोतला सगळा पिवळेपणा "उष्ण रंगसंगती" म्हणून खपवू नका. आणि "फ्रेस्को" हा शब्दही टाळा. फ्रेस्को ओल्या गिलाव्यावर करतात, अजिंठ्यात रंग कोरड्या गिलाव्यावर दिलेत. "भित्तिचित्र" बरोबर.

मूल्यमापनात आधी निकष सांगा, मग निर्णय, मग पुरावा. षडंगातला, म्हणजे भारतीय चित्रकलेच्या सहा अंगांतला "भाव" हा निकष घेतला तर: "भाव या निकषावर चित्र यशस्वी ठरतं. अंगावर राजाचे दागिने असूनही अर्धमिटले डोळे आणि कललेली मान करुणेकडे नेतात. वैभव आणि विरक्ती एकाच देहात दिसतात." निर्णय विरोधातही देता येतो. उदाहरणार्थ, अवकाश आकृत्यांनी इतका भरलाय की मागची माणसं एकमेकांत मिसळतात, असं तुम्हाला वाटलं तर जरूर लिहा, फक्त ती जागा नेमकी दाखवा. खरे गुण त्या पुराव्याचे असतात, त्यामुळे "मला आवडलं" एवढ्यावर उत्तर थांबवू नका.