साताऱ्यात पहिली भेटवस्तू: अंगठी नको, शाईचा पेन बघ

प्रश्न: दोन महिने झाले भेटतोय. ती साताऱ्यातच अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करते. वाढदिवस वगैरे काही नाही, सहज काहीतरी द्यायचंय. चांदीची अंगठी जास्त होईल का?

उत्तर: हो, होईल. आपल्याकडे अंगठी दिसली की घरी पहिला प्रश्न "कुणी दिली?" हाच येतो, आणि त्याचं उत्तर द्यायची वेळ तिच्यावर येते. शिवाय ती अजून कमवत नाही. महागाची वस्तू घेतली की परतफेडीचं ओझं डोक्यावर बसतं. म्हणून घरच्या टेबलावर पडून राहिली तरी कुणी चौकशी करणार नाही, अशी वस्तू शोध.

तिच्या बाबतीत मी शाईचा पेन घेईन. राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झालीय, म्हणजे रोज पानंच्या पानं लिहायचा सराव. शाईच्या पेनाला दाब द्यावा लागत नाही, त्यामुळे बोटं कमी दुखतात.

आधी तिचं लिहिणं नीट बघ. ती डावखुरी असेल तर ओली शाई हाताला लागून फासते. पेन दाबून लिहायची सवय असेल तर निब फाकते. यातलं काही असेल तर पेनाचा नाद सोड, तिच्या नेहमीच्या जेल पेनाच्या रिफिली आणि एक चांगलं पॅड घे.

पेन घ्यायचा ठरला तर बारीक निबेचा घे. जाड निबेने जोडाक्षरं भरून जातात आणि पातळ वहीत शाई मागच्या पानावर उमटते. पेन साधा हवा, काही शेकड्यांतला. दुकानातच शाईत बुडवून 'क्ष', 'ज्ञ', 'त्र' लिहून बघ. वळणावर निब कागदाला खरखरली किंवा रेघ मधेच तुटली तर दुसरा पेन मागायचा, लाजायचं नाही. सोबत धुतली जाणारी निळी शाई घे. पक्की काळी शाई ओढणीवर सांडली की जन्माची आठवण. नवीन पेनात कधी कधी कारखान्यातलं तेल राहतं आणि शाई अडते, तेव्हा देण्याआधी साध्या पाण्याने एकदा भरून रिकामा कर.

त्यावर नाव कोरून आणू नकोस. तिचं कोरलंस तर कुणीतरी मुद्दाम करून दिल्याचं लगेच कळतं, आणि दोघांची कोरलीस तर विषयच संपला.

कंदी पेढ्यांचा मोह होईल, गाव आपलं साताराच. पण अभ्यासिकेत पुडा उघडला की चौघं "कसले पेढे?" विचारणार, आणि निकालाआधी पेढे खायला ती बहुतेक तयार होणार नाही.

पेन मित्रमैत्रिणींसमोर देऊ नकोस. भेट संपवून निघताना कागदी पिशवीत दे, "लिहून बघ, नाही जमला तर मी वापरेन" एवढं बोल आणि गाडीला किक मार. "आवडला का?" हा मेसेज त्या रात्री तरी पाठवू नकोस भावा.