ख्रप कोणी म्हणायचं, खा कोणी?

«बँकॉकच्या थाई मैत्रिणीने नवं घर घेतलंय. मी पुरुष आहे, पण ती बाई आहे म्हणून शुभेच्छांच्या शेवटी 'खा' लावायचं ना?»

मुळीच नाही. बँकॉक फिरून आलेले आपले पुरुष हॉटेलातल्या मुलीला हात जोडून 'सवादी खा' म्हणतात आणि ती हसली की खूश होतात. ती का हसते ते एव्हाना कळलं असेल. थाईत आदरासाठी वाक्याच्या शेवटी लावायचं ते शेपूट बोलणाऱ्याचं असतं, ऐकणाऱ्याचं नाही. समोर कोणीही असो, पुरुष 'ख्रप' म्हणणार आणि बाई 'खा'. थाई क्रियापद लिंगाप्रमाणे हलत नाही, त्यामुळे आपण 'आलो' आणि 'आले' यांतून जे सांगतो ते तिथे वाक्याच्या टोकाला येतं.

तुम्ही लिहा: 'यिनदी दुआय कप बान माय नं ख्रप', म्हणजे नव्या घराबद्दल अभिनंदन. पत्नीने स्वतः लिहिलं तर 'नं खा'. 'नं'ने वाक्याला आर्जव येतं.

आता 'ख्रप'बद्दल. हा शब्द आपल्या 'कृपे'वरून आला असं छातीठोक सांगणारे काही विद्वान भेटतात. त्यांनी थाई मुळाक्षरं एकदा गिरवावीत. संस्कृत 'क' थाईत 'क'च राहतो, करुणेचं 'करुना' होतं. आपल्या 'ग'च्या जागी मात्र थाईत 'ख' ऐकू येतो. म्हणून गुरूचा 'ख्रू' झाला, आणि 'ख्रप' लिहितात तो त्याच अक्षराने. 'कृपा' तिथे शिरणार कुठून? 'ख्रप' हे 'खो राप'चं झिजलेलं रूप आहे: 'खो' म्हणजे मागणे, 'राप' म्हणजे स्वीकारणे. हल्ली त्यातला 'र'ही गळून नुसतं 'खप' ऐकू येतं.

'खा'ची गोष्ट त्याहून गमतीची. जुनं रूप 'चाओ खा'. 'चाओ' म्हणजे धनी, 'खा' म्हणजे दास. आता माझा एक आवडता तर्क ऐका. साध्या विधानात बाईचं 'खा' उतरत्या सुरात येतं, आणि दास या अर्थाचा 'खा'सुद्धा नेमका त्याच उतरत्या सुराचा आहे. शब्द झिजला, स्वर आखडला, पण सूर तसाच टिकला. प्रश्नात मात्र तो चढतो, आणि 'नं'नंतरही चढतो. इथे थाई लोकच लिहिताना सर्रास चुकतात, 'नं'पुढे उतरत्या 'खा'चं चिन्ह देतात. तुमच्या पत्नीने तेवढं सांभाळावं.

आणि हो, शुभेच्छा. नुसतं अभिनंदन कोरडं वाटेल. त्यापुढे 'खो हाय यू येन पेन सुक' जोडा. 'येन' म्हणजे गार, आणि 'सुक' म्हणजे आपलं 'सुख'च; थाई लिपीत शेवटी 'ख'च लिहितात, उच्चारताना 'क' होतो. गारव्यात राहा, सुखात राहा. हे म्हणताना शेवटी पुन्हा 'ख्रप'.